‘कठीण’ सुडोकू नेमकं कशाने कठीण होतं?

सुडोकूच्या कोपऱ्यात ‘सोपे’, ‘मध्यम’, ‘कठीण’ असं छापलेलं असतं ना, त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात सुडोकू स्पर्धा असते आणि तिची कोडी मी बनवते, म्हणून या विषयावर जरा जास्तच बोलते, हे आधीच सांगून ठेवते. बऱ्याच ठिकाणी दिलेले आकडे मोजून लेबल लावलेलं असतं. ३५ आकडे दिले की सोपं, २५ दिले की कठीण. माझं म्हणणं असं, की दिलेल्या आकड्यांच्या संख्येवरून कोड्याच्या अवघडपणाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. आणि एकच उत्तर आहे की नाही, हे तर मुळीच कळत नाही.

९ बाय ९ चं कोडं फेसबुकवर मांडणं कठीण, म्हणून ४ बाय ४ चं छोटं सुडोकू घेऊ. आकडे १ ते ४. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि २ बाय २ च्या बॉक्समध्ये प्रत्येक आकडा एकदाच. आता हे बघा:

```
_ _ | ३ ४
३ ४ | १ २
----+----
_ _ | ४ ३
४ ३ | २ १
```

१६ पैकी १२ घरं भरलेली आहेत. तरीही हे कोडं बाद आहे. वरच्या दोन रिकाम्या घरांत १, २ आणि खालच्या दोन घरांत २, १ लिहा, बरोबर येतं. उलट लिहा, म्हणजे वर २, १ आणि खाली १, २, तरीही बरोबरच. ओळी बदलत नाहीत, बॉक्स बदलत नाहीत, नियम कुठेच मोडत नाही. दोन उत्तरं, आणि सोडवणाऱ्याने कितीही डोकं चालवलं तरी त्यातलं ‘खरं’ कुठलं ते ठरवायला काही आधारच नाही.

आता यातल्या पहिल्या उत्तराचंच हे दुसरं कोडं:

```
१ _ | _ _
_ _ | _ २
----+----
_ _ | ४ _
_ ३ | _ _
```

फक्त चार आकडे, आणि उत्तर एकच. सोडवून बघा. वरच्या डाव्या बॉक्समध्ये २ कुठे? दुसऱ्या ओळीत २ आधीच आहे, म्हणून तो पहिल्याच ओळीत, १ च्या शेजारी. वरच्या उजव्या बॉक्समध्ये ४ कुठे? तिसऱ्या उभ्या ओळीत ४ आहे, म्हणून तो कोपऱ्यात. असं करत गेलात तर पहिल्याच फेरीत, कुठल्याही क्रमाने, आठ घरं भरता येतात. मग प्रत्येक बॉक्समध्ये एकेकच घर उरतं.

बारा आकडे दिलेलं कोडं चूक आणि चार आकडे दिलेलं बरोबर, हे कसं? पहिल्या कोड्यात जी चार घरं रिकामी ठेवली, त्यांत दोनच आकडे आलटून-पालटून बसतात. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या रांगा आणि दोनच बॉक्स अडवणारा असा चौकोन उत्तरात कुठेही असला, तर त्याच्या चारपैकी निदान एका घरातला आकडा आधी द्यावाच लागतो. नाहीतर ती अदलाबदल मोकळी राहते. आपल्या या छोट्या उत्तराची सगळी १६ घरं अशा चार वेगवेगळ्या चौकोनांत वाटली जातात, म्हणून चारपेक्षा कमी आकड्यांत हे उत्तर एकमेव होऊच शकत नाही. आणि प्रत्येक चौकोनातला कुठला आकडा द्यायचा, यात कोडं बनवणाऱ्याची कारागिरी.

मोठ्या सुडोकूतही हेच चौकोन असतात, शिवाय सहा, आठ, दहा घरांचे वाकडेतिकडे गटही असतात. आणखी एक साधी अट आहे: नऊपैकी निदान आठ आकडे दिलेल्यांत एकदा तरी यायला हवेत. दोन आकडे अजिबातच दिले नाहीत, तर उत्तरात त्या दोघांची सरसकट अदलाबदल करा, दुसरं उत्तर तयार! कमीत कमी किती आकडे लागतात, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. २०१२ च्या सुरुवातीला डब्लिनमधले गॅरी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरला कामाला लावून दाखवलं, की १६ आकड्यांचं एकमेव उत्तराचं सुडोकू अस्तित्वातच नाही. किमान १७.

प्रत्यक्षात कोडं असं बनतं. आधी पूर्ण भरलेला चौकोन तयार करायचा. मग एकेक आकडा पुसत जायचा, किंवा देखणं हवं असेल तर समोरासमोरची जोडी. निकोली या जपानी प्रकाशनाने १९८० च्या दशकात ही सममितीची रीत रूढ केली, आणि मलाही ती आवडते. प्रत्येक पुसण्यानंतर तपासायचं, की उत्तर अजून एकच आहे का. दोन झाली तर पुसलेलं परत लिहायचं आणि दुसरीकडे वळायचं. कुठलाच आकडा पुसता येईनासा झाला की थांबायचं. असं यांत्रिक पुसत गेलं की बहुतेक वेळा २४-२५ आकड्यांच्या आसपास गाडी अडते. १७ पर्यंत अशी सहज पोचत नाही.

या तपासणीत एक मेख आहे. सुडोकू सोडवणारे बहुतेक छोटे प्रोग्राम उत्तर सापडलं की थांबतात. कोडं बनवणाऱ्याचा प्रोग्राम पहिल्या उत्तरावर थांबून उपयोगी नाही, त्याने दुसरं उत्तर शोधायला पुढे जायला हवं. एक सोपी युक्ती सांगते. घरं ठरलेल्या क्रमानेच भरायची, पण एकदा प्रत्येक घरात १ पासून वर प्रयत्न करायचा आणि एकदा ९ पासून खाली. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, तर ते एकमेव. कारण पहिल्या पद्धतीत सगळ्यांत ‘लहान’ उत्तर मिळतं, दुसरीत सगळ्यांत ‘मोठं’. दोन्ही सारखीच असतील तर मधे तिसरं कुठून येणार?

एवढं झालं की उत्तराचा प्रश्न मिटतो. अवघडपणाचा नाही.

फिनलंडचे गणिती आर्तो इंकाला यांचं २०१२ साली ‘जगातलं सर्वांत अवघड’ म्हणून गाजलेलं कोडं २१ आकड्यांचं आहे. आणि १७ आकड्यांची कितीतरी कोडी अशी आहेत, की ती ‘हा आकडा या बॉक्समध्ये इथेच बसतो’ एवढ्यावर शेवटपर्यंत सुटतात. कॉम्प्युटरला किती वेळ लागला किंवा किती वेळा मागे फिरावं लागलं, यावरून ठरवणारेही आहेत. कॉम्प्युटर आकडे भरून बघतो, अडला की खोडतो. माणूस असं सोडवत नाही, त्यामुळे तोही निकष माझ्या कामाचा नाही.

मग काय मोजायचं? निकोला जुईयेरा यांचा ‘सुडोकू एक्सप्लेनर’ नावाचा प्रोग्राम माणसासारख्या पायऱ्यांनी कोडं सोडवतो आणि त्यात लागलेल्या सगळ्यांत अवघड पायरीचा आकडा कोड्याला देतो. बॉक्समध्ये एखाद्या आकड्याला एकच जागा उरली असेल तर १.२. एखाद्या घरात एकच आकडा बसू शकत असेल तर २.३. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे उलटं वाटतं, कारण कॉम्प्युटरला घर बघून उरलेले आकडे मोजणं अगदी सोपं. पण आमच्या मजल्यावरच्या काकूंना सोडवताना बघा. त्या ‘७ कुठे, ७ कुठे’ करत बॉक्सभर नजर फिरवतात आणि पटापट लिहितात. एका घरासाठी ओळ, रांग, बॉक्स तिन्ही एकदम बघून आठ आकडे बाद करणं, हे त्यांना खरं काम वाटतं. घराच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे लिहायला त्यांनी सुरुवात केली, की मी ते कोडं ‘सोपे’च्या गठ्ठ्यातून काढते.

त्याच्या वर ‘एक्स-विंग’ येतो, ३.२. समजा दुसऱ्या ओळीत ७ फक्त तिसऱ्या किंवा आठव्या रांगेत बसू शकतो, आणि सहाव्या ओळीतही नेमकं तसंच. मग त्या दोन रांगांमधले ७ या दोन ओळींतच जाणार, म्हणून त्या रांगांच्या बाकी घरांतून ७ बाद. एवढं सगळं शोधून हातात काय पडतं? एकही आकडा लिहायला मिळत नाही, नुसत्या शक्यता खोडता येतात. लोक इथे सोडून देतात, आणि मला त्यांचं आश्चर्य वाटत नाही.

पण सगळ्यांत अवघड पायरी एवढं एकच मोजणंही अपुरं आहे. एका वेळी किती दारं उघडी आहेत, हेही बघायला हवं. एका टप्प्यावर नऊ घरं भरण्यासारखी असतील, तर आठ नजरेतून सुटली तरी माणूस पुढे जातो. एकच असेल तर ते एक सापडेपर्यंत बसून राहा, मग ती पायरी १.५ ची का असेना. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या राडेक पेलानेक यांनी माणसांना लागलेल्या खऱ्या वेळांशी ताडून हेच दाखवलं: पायरी किती अवघड याच्या जोडीला पायऱ्या एकमेकींवर किती अवलंबून आहेत, हेही मोजलं की अंदाज जवळ येतो.

म्हणून मी कोडं सोडवताना प्रत्येक टप्प्यावर उघडी घरं किती, ते समासात लिहिते. ६, ८, ५, १, १, ४ असा क्रम दिसला की ते दोन १ म्हणजे घाटाचं तोंड. कोडं सोपं करायचं असेल तर तिथे बघायचं. एकच उत्तर असलेल्या कोड्यात त्या उत्तरातला आकडा कितीही वाढवा, उत्तर एकच राहतं, त्यामुळे वाढवताना पुन्हा तपासायची कटकट नाही. मात्र कुठला आकडा वाढवता, याला महत्त्व आहे. घाटाच्या आधीच जी घरं आपोआप भरली जातात, त्यांतला आकडा दिला तर सोडवणारा तिथेच, त्याच जागी अडकणार, फक्त थोडा लवकर पोचून. आकडा घाटापलीकडच्या घरातला द्यायला हवा. असा एक आकडा वाढवून कोडं ‘कठीण’मधून ‘मध्यम’मध्ये येतं. आणि चुकीच्या जागी चार वाढवले तरी ते ‘कठीण’च राहतं, फक्त आकडे मोजणाऱ्याच्या हिशेबात ते आता ‘सोपे’ ठरतं. छापील कोड्यावर ‘सोपे’ वाचून तासभर बसलेल्या लोकांनी स्वतःला दोष देऊ नये, ते याच प्रकारात सापडलेले असतात.

यंदा अंतिम फेरीच्या कोड्यात असा एकच घाट ठेवणार आहे, तोही मध्यावर, सुरुवातीला नाही. पहिल्या दोन मिनिटांत काहीच लिहिता आलं नाही तर लहान मुलं उठून जातात. एकही आकडा अंदाजाने भरावा लागणार नाही, आणि उत्तर एकच असेल. कुणाला दुसरं सापडलं तर पहिलं बक्षीस त्याला, आणि पुढच्या वर्षीची कोडीही त्यानेच बनवायची.