'कोणतेही दोन दर' घेऊन आयआरआर निघत नाही

"ट्रायल अँड एररमध्ये वेळ घालवू नका. कोणतेही दोन दर घ्या, ५ आणि ४० सुद्धा चालतील. फक्त एक एनपीव्ही प्लस आणि एक मायनस हवा. दोन्ही प्लस आले तर गणित चुकलं."

आयआरआर काढायचा हा फॉरवर्ड काल माझ्या भाचीच्या वहीत उतरलेला दिसला, म्हणून लिहितोय. पुढची आवक एखाद्या दराने आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केली की एनपीव्ही मिळतो; ज्या दराला तो शून्य होतो, तो आयआरआर. टीवायबीकॉमची परीक्षा तोंडावर आली आहे आणि पोरं असलं काही पाठ करतायत.

तिचं गणित असं: आज १,००,००० रुपयांचं मशीन, पुढे चार वर्षं दर वर्षअखेर ४०,००० रुपयांची आवक. ५ टक्क्यांना एनपीव्ही ४१,८४०, ४० टक्क्यांना उणे २६,०४०. दरांतलं अंतर ३५, त्याला ४१,८४० ने गुणायचं आणि दोन एनपीव्हींमधल्या अंतराने, म्हणजे ६७,८८० ने भागायचं. आले २१.५७, ते ५ मध्ये मिळवून २६.५७ टक्के. आकडेमोडीत एकही चूक नाही. तरी खरा आयआरआर २१.८६ आहे!

दर वाढवत नेला की एनपीव्ही आधी झपाट्याने उतरतो, मग हळूहळू. त्याची रेघ झोळ पडलेल्या दोरीसारखी असते आणि आपण दोन टोकांमध्ये ताठ दोरी धरतो. ताठ दोरी झोळाच्या वर राहते, शून्याला उशिरा भेटते. म्हणून आधी गुंतवणूक आणि नंतर नुसती आवक असलेल्या प्रकल्पात, एक प्लस-एक मायनस धरून काढलेलं उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येतं. टोकं जितकी लांब, तितकं ते फुगतं. गणितात भांडवलाचा खर्च २४ टक्के दिला होता. २६.५७ त्याहून जास्त, म्हणून भाचीने लिहिलं, "प्रकल्प स्वीकारावा." २४ टक्क्यांना एनपीव्ही उणे ३,८४० आहे. निर्णयच उलटा!

आणि वेळ जातो कुठे? १,००,००० भागिले ४०,००० म्हणजे २.५. पुस्तकाच्या मागे अॅन्युइटीचा तक्ता असतो, त्यात चार वर्षांच्या ओळीत २.५ च्या अलीकडचा-पलीकडचा आकडा बघा: २० टक्क्यांना २.५८९, २४ ला २.४०४. मिळाले दोन दर. २० ला एनपीव्ही ३,५६०, उत्तर २१.९२. आवक दरवर्षी वेगळी असेल तर सरासरी धरून हाच अंदाज बांधायचा, एनपीव्ही मात्र खऱ्या आकड्यांवर काढायचा.

प्लस-मायनसचं म्हणणं अर्धं खरं आहे. खरा दर दोघांच्या मध्ये अडकतो, ही सोय आहेच. पण दोन्ही प्लस आले म्हणून गणित चुकत नाही. १८ ला ७,६०० आणि २० ला ३,५६० घेतले तरी २१.७६ येतं, भाचीच्या उत्तरापेक्षा कितीतरी जवळचं.

मार्क जातात ते चिन्हापायी. २० आणि २४ घेतल्यावर छेदात ३,५६० वजा उणे ३,८४०, म्हणजे ७,४०० यायला हवेत. मुलं उणे विसरतात, छेद उणे २८० होतो आणि उत्तर उणे ३१ टक्क्यांच्या आसपास जातं. एक प्लस-एक मायनस असताना उत्तर दोन दरांच्या बाहेर पडलं, तर चूक तिथेच शोधा.