अकराव्या क्लीनिंगपेक्षा बशीतले पाणी बरे

“हेड चोक झाले तर क्लीनिंग मारत राहा, दहा-बारा वेळांत सुटतेच. काढून पाण्यात ठेवले की सर्किट गेलेच म्हणून समजा. फारच अडले तर नळाचे पाणी उकळून ओता, नाहीतर स्पिरिटने पुसा.”

इंकजेट प्रिंटरमध्ये नोझलांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, शाई उडवणारे हेड वाळून बंद पडले की असा सल्ला मिळतो. प्रिंटरच्या स्वतःच्या क्लीनिंगच्या वेळी रबरी टोपी नोझलांच्या पट्टीवर दाबली जाते आणि तिला जोडलेला छोटा पंप शाई ओढतो. एका टोपीखाली शेकडो नोझल असल्यामुळे शाई येते ती उघड्या नोझलांतून, आणि ती वाहू लागताच ओढ तिकडेच खर्ची पडून वाळक्या शाईच्या बुचांवर पुरेसा जोर उरत नाही. म्हणून जे सुटायचे असते ते पहिल्या दोन-तीन वेळांत सुटते. त्यानंतरची शाई टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये जाते, आणि पॅड भरल्याची मोजणी पूर्ण झाली की पुष्कळ प्रिंटर छपाईच थांबवतात. शाई तापवून उडवणाऱ्या हेडमध्ये तर कोरडे नोझल पुन्हा पुन्हा चालवल्याने आतला तापक जळू शकतो. मग पाणीही उपयोगी पडत नाही.

थांबावे केव्हा, हे नोझल चेकचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेषा छापून पाहण्याच्या चाचणीचे, दोन कागद शेजारी ठेवून कळते. तुटलेल्या रेषा प्रत्येक वेळी त्याच जागी असतील तर शाई वाळलेली आहे. जागा बदलत असतील तर बहुधा हवा शिरली आहे किंवा शाई कमी पोहोचते आहे, आणि तिथे भिजवून काही साधणार नाही.

फोंड्याला माझ्या मावसभावाचे झेरॉक्सचे दुकान आहे. चवथीच्या सुट्टीला जाताना त्याने प्रिंटर त्याच्या बटणाने बंद न करता भिंतीवरचा स्विच बंद केला, त्यामुळे हेड टोपीवर न परतता अर्ध्या वाटेत उघडे राहिले. पावसाळी दमट हवेत शाई वाळत नाही, ही त्याची समजूत आठ दिवसांनी खोटी ठरली. निळ्याच्या व काळ्याच्या रेषा गेल्या होत्या, आणि आठ क्लीनिंगनंतरही त्या त्याच जागी तुटत होत्या.

हेड निघणारे होते. प्रिंटर बंद करून वायर काढली, बशीत टिश्यूची घडी ठेवून तीन मिलिमीटरएवढे कोमट डिस्टिल्ड पाणी घातले आणि हेड नोझल खाली करून त्यावर ठेवले. पाणी फक्त पट्टीला लागावे, तांब्याच्या संपर्कबिंदूंपर्यंत चढू नये. डिस्टिल्ड पाणी स्वतः वीज जवळजवळ वाहत नाही, पण शाई विरघळली की वाहू लागते. सर्किट जाते ते भिजल्याने नव्हे, ओले असताना वीज दिल्याने. पाणी तासाभरात निळे झाले तेव्हा बदलले, आणि वरच्या जाळीवर प्रत्येक रंगासाठी दोन-तीन थेंब सोडले, म्हणजे ते वजनाने खाली झिरपावेत. रात्रभर हेड तसेच ठेवले.

सकाळी कोरड्या टिश्यूवर हेड हलकेच टेकवले, घासले मुळीच नाही. निळ्याचा पट्टा सलग उमटला, काळ्यात मात्र खंड होता. संपर्कबिंदू टिपून हेड पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवले. आपल्याकडच्या भाद्रपदात याहून घाई करू नये. मग एकच क्लीनिंग केले, तेही वाहिन्यांत शाई पुन्हा भरण्यासाठी. निळा पूर्ण परतला.

नळाचे पाणी नको ते क्षारांमुळे: मानवी केसापेक्षाही बारीक छिद्रात थेंब वाळला की क्षार मागे राहतो, आणि तो पुढच्या भिजवण्यानेही विरघळेल असे नाही. फिल्टरच्या पाण्यातही क्षार उरतात. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळणारे डिस्टिल्ड पाणी चालते, मात्र बाटलीवरचे नाव वाचून घ्यावे, कारण शेजारीच ॲसिडची बाटली असते. उकळत्या पाण्याने पट्टी चिकटवणारा गोंद सुटू शकतो. हाताला सहज सोसेल एवढे कोमट पुरे. स्पिरिटचा सल्ला अगदीच निराधार नाही, पण पिगमेंट शाईतले कण त्याने एकत्र येऊन गोठू शकतात आणि बूच अधिकच घट्ट बसते.

हेड न निघणाऱ्या टाकीच्या प्रिंटरमध्ये बशीचा प्रश्नच नाही. तिथे किचन टॉवेलची अरुंद घडी डिस्टिल्ड पाण्याने ओली करून, पण ठिबकणार नाही इतपत पिळून, वायर काढलेल्या स्थितीत हेडखाली सरकवावी, हेड हाताने हलकेच त्यावर आणावे आणि रात्रभर ठेवावे. पाणी नोझलाच्या तोंडापर्यंतच पोहोचत असल्याने परिणाम सावकाश दिसतो.

पाण्याची मर्यादा मावसभावाच्या काळ्या रंगात दिसली. त्याच्या प्रिंटरमध्ये निळी शाई डाय होती, ती पाण्यात पुन्हा विरघळते. काळी पिगमेंट होती, आणि तिच्यातले राळेसारखे बंधक द्रव्य एकदा पक्के वाळले की पाण्याला दाद देत नाही. दुसऱ्या रात्रीच्या भिजवण्यानंतर काळ्याच्या बहुतेक रेषा आल्या, दोन आल्या नाहीत, आणि बिलांच्या छपाईला तेवढे पुरेसे असल्यामुळे तिसऱ्यांदा हेड काढले नाही.