हेपॅरिन, प्लेटलेट आणि गाठ: एका प्रतिक्रियेला उत्तर

"डॉक्टर, हेपॅरिनच्या इंजेक्शनने प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गाठी होतात, हा तुमचा लेख पटला नाही. प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव होतो, हे डेंग्यूच्या साथीत आमच्या चोपड्याकडे पोरासोरांनापण माहिती झालंय. मग प्लेटलेट कमी असताना रक्ताची गाठ कशी होईल? आणि तीही गाठ होऊ नये म्हणून दिलेल्या इंजेक्शननेच? उगाच लोकांना घाबरवू नका."

भाऊ, डेंग्यूचं तुमचं बरोबर आहे, आणि नेमकं त्याच्यामुळेच हेपॅरिनने होणारा हा आजार, एचआयटी, आपल्याकडे हुकतो. प्लेटलेट कमी दिसल्या की सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, नातेवाईक पपईच्या पानांचा रस शोधायला पळतात आणि कोणीतरी ब्लड बँकेत पिशवीसाठी उभं राहतं. पण प्लेटलेट कमी का झाल्या हे आधी बघावं लागतं ना. गिरणा धरणात पाणी कमी आहे म्हणजे पाऊसच झाला नाही असं नसतं, खाली पाट सोडलेले असले तरी पातळी उतरते. इथं प्लेटलेट गाठी बनवण्यात खर्च होत असतात, म्हणून रिपोर्टमध्ये कमी दिसतात.

आता हेपॅरिनचं. ते स्वतः गाठ थांबवत नाही, आपल्या रक्तात अँटीथ्रॉम्बिन नावाचं प्रोटीन आधीपासून असतं त्याला ते चिकटतं आणि त्याचं काम जवळपास हजारपट वेगाने करून घेतं. हे प्रोटीन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला निकामी करतं, म्हणून नवी गाठ धरत नाही आणि असलेली वाढत नाही. जुनी गाठ हेपॅरिन विरघळवत नाही, ते शरीर हळूहळू करतं.

भानगड अशी होते की प्लेटलेटमधून प्लेटलेट फॅक्टर फोर नावाचं प्रोटीन बाहेर पडतं, त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज, हेपॅरिनवर निगेटिव्ह, दोघं एकमेकांना चिकटले की काही लोकांचं शरीर त्या जोडीला परकं समजून अँटीबॉडी बनवतं. ही अँटीबॉडी एका बाजूने त्या जोडीला धरते आणि दुसऱ्या बाजूने प्लेटलेटलाच चेतवते. चेतलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणखी फॅक्टर फोर सोडतात, इतकं थ्रॉम्बिन तयार होतं की हेपॅरिन मागे पडतं. म्हणून औषध चालू असतानाच पायात, फुप्फुसात, कधी मेंदूच्या नसेत गाठ होते.

उदाहरण घेऊ. समजा पारोळ्याकडच्या एक मावशी, खुब्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या दिवसापासून हेपॅरिन चालू. सुरुवातीला प्लेटलेट २,६०,०००. हेपॅरिनच्या सातव्या दिवशी ९२,०००, आणि डावी पोटरी सुजून दुखायला लागली. ताप नाही, अंगावर पुरळ नाही, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. इथं आकडा ९२ हजार आहे म्हणून "ठीक आहे, लाखाच्या आसपास आहे" असं म्हणणं चुकीचं, कारण घसरण जवळपास ६५ टक्के आहे. निम्म्याहून जास्त घसरण, पाचव्या ते दहाव्या दिवसातली वेळ, नवी गाठ, आणि दुसरं सबळ कारण नाही, हे चारही जुळलं की संशय पक्का धरायचा. या आजारात प्लेटलेट बहुतेक वेळा २० हजारांच्या खाली जातही नाहीत, आणि रक्तस्राव क्वचितच होतो. मागच्या तीनेक महिन्यांत हेपॅरिन घेतलेलं असेल तर मात्र पाच दिवस थांबावं लागत नाही, एका दिवसातही घसरण होऊ शकते.

अँटीबॉडीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोपर्यंत वाट बघायची नाही. मावशींचं हेपॅरिन पूर्ण बंद, सलाईनची लाईन धुवायला जे थोडंसं वापरतात तेसुद्धा, आणि हेपॅरिनचाच एक प्रकार असलेलं एनॉक्सापॅरिनपण नाही. पण नुसतं बंद करून भागत नाही भाऊ, इथंच जास्त चुका होतात, कारण अँटीबॉडी अजून रक्तात असते आणि गाठी होतच राहतात. म्हणून अर्गाट्रोबान किंवा फोंडापॅरिनक्ससारखं गाठ रोखणारं दुसरं औषध लगेच सुरू करायचं, किडनी-लिव्हर बघून डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी या दिवसांत घाईने दिली तर ती आधी प्रोटीन सी कमी करते, म्हणजे गाठ रोखणारंच कमी होतं, आणि पायाचं गँगरीन होऊ शकतं. प्लेटलेट दीड लाखाच्या वर स्थिर झाल्यावरच ती. रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेटची पिशवीही चढवत नाहीत.

घाबरवण्याबद्दल. मोठ्या ऑपरेशननंतर साधं हेपॅरिन काही दिवस चाललं तर शंभरात एक ते पाच जणांना हे होतं, एनॉक्सापॅरिनवर बरंच कमी. म्हणून कोणी स्वतःहून इंजेक्शन बंद करू नका, त्या इंजेक्शनने फुप्फुसातल्या गाठीपासून वाचणारे कितीतरी जास्त आहेत. फक्त पेशंट हेपॅरिनवर असेल तर सुरुवातीचा आणि पाचव्या दिवसानंतरचा प्लेटलेटचा आकडा शेजारी-शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांनी डिस्चार्ज कार्डवर ठळक लिहून घ्या, पुढे डायलिसिस किंवा अँजिओग्राफीची वेळ आली की टेबलावर जायच्या आधी ते सांगायचं, कारण तिथं हेपॅरिन सर्रास वापरतात.