उपाशी ठेवून जुलाब थांबत नाहीत

"उलट्या-जुलाब झाले की पोटाला २४ तास पूर्ण विश्रांती द्या, पाणीसुद्धा नको. मग तीन दिवस फक्त केळं, भात, सफरचंद आणि टोस्ट. दूध आठवडाभर बंद."

हा मेसेज वाचून माझ्या बहिणीने दोन वर्षांच्या लेकीला अर्धा दिवस कोरडं ठेवलं. पोरीचे ओठ सुकले तेव्हा तिने फोन केला. म्हणून हे लिहितोय.

पाणी बंद करणं हा सगळ्यात घातक भाग. तोंडाने काही दिलं नाही तरी आतड्यातून पाणी आणि मीठ बाहेर जातच राहतं. खाणं थांबवल्यावर शौचाचं प्रमाण थोडं कमी दिसतं, त्यावरून लोकांना उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण शरीर कोरडं पडत असतं. जुलाबातसुद्धा आतडं साखरेबरोबर मीठ शोषून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी आत जातं. ओआरएस याच जोरावर चालतं. पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवा, ग्लासात अंदाजाने टाकू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याने सुरू करा. दर दोन मिनिटांनी ५ मिली, म्हणजे तासाला १५० मिली. गटागटा प्यायलेला ग्लास बाहेर येतो, चमच्याने दिलेलं बरंचसं टिकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मध्ये एकदाही थांबवायचं नाही.

आता ते चार पदार्थ. पचायला सोपे आहेत, मान्य. पण त्यांत प्रथिनं आणि स्निग्धांश नगण्य. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००३ च्या मार्गदर्शनात हा आहार विनाकारण संकुचित ठरवला आणि लवकर खायला देण्याचा सल्ला दिला. आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होतात, त्यांना अन्न लागतंच. उलट्या थांबून तीन-चार तास ओआरएस टिकलं की चार घास मऊ भात किंवा कुस्करलेला बटाटा द्या. तो टिकला की पुढच्या वेळी त्यात डाळ किंवा उकडलेलं अंडं, थोडं तेलही चालेल. दुसऱ्या दिवशी भूक असेल तर नेहमीचं जेवण, फक्त कमी-कमी आणि जास्त वेळा. जेवल्याबरोबर एकदा शौचाला धावावं लागलं म्हणून "काही टिकत नाही" असं समजू नका. पोटात अन्न पडलं की आतडं हालचाल करतंच.

तळलेलं, फार गोड, फळांचे डबाबंद रस आणि कोल्ड्रिंक मात्र टाळा, जादा साखर आतड्यात पाणी ओढते. दुधाचं म्हणाल तर बहुतेकांना चालतं. प्यायल्यावर पोट फुगून पातळ शौच वाढली तरच काही दिवस थांबवा. दही तेव्हाही बहुधा सोसतं.

शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल पडलेलं किंवा चमच्याने दिलेलंही बाहेर येतंय, यातलं एक जरी दिसलं तरी काय खायचं ते डॉक्टरकडे पोचल्यावर बघा.