डबल मीनिंग म्हणजे घाणच का हो?

"डबल मीनिंग म्हणजे घाणच. फॅमिलीसमोर विनोद करायचा तर एकाच अर्थाचा करा. मुलं सगळं पकडतात, आणि नाही कळलं तर भर कार्यक्रमात विचारतात, मग आईबापांची पंचाईत."

घाणीचं आधी बघू. शाळेत श्लेष अलंकार शिकवताना 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' हे उदाहरण देतात, जीवन म्हणजे पाणी पण आणि आयुष्य पण, यात कुणाला घाण दिसली का? आणि एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या, करणारा विंचू चावल्यासारखा उड्या मारतो, पोरं लोटपोट, आणि मागे बसलेल्या आजोबांना माहीत असतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे. चारशे वर्षं होऊन गेली राव याला.

आता 'मुलं सगळं पकडतात' हे. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत गणपतीला स्किट बसवलं होतं. राजाच्या सिंहासनावर कुणीतरी डिंक ओतलाय, प्रधान ओढतोय, शिपाई ओढतोय, आणि राजा ओरडतो, "अरे, मी कधीचा उठायला तयार आहे, ही खुर्चीच मला सोडत नाही!" पोरं हसली कारण राजा चिकटलाय, मोठे हसले कारण त्यांना खुर्ची न सोडणारे सगळे आठवले, सोसायटीचे चेअरमन धरून (ते पहिल्याच रांगेत होते, हसले बिचारे). इथे पोरांचा विनोद डिंकावरच पुरा झालाय, मोठ्यांचा अर्थ वरून बसतो. तो कळायला इलेक्शनं बघितलेली लागतात, पाच वर्षांच्या पोराने कुठून बघायची?

तपासायचं सोपं आहे, दुसरा अर्थ काढून टाका आणि बघा पोरांसाठी काही उरतं का. त्याच स्किटमध्ये प्रधानाला एक वाक्य होतं, "महाराज, यंदाचं टेंडर कुणाला द्यायचं?" घाण काहीच नाही, पण पोरांच्या हाती काहीच लागत नाही, नुसते मोठेच हसतात, आणि तेव्हाच बाही ओढून "काय झालं, काय झालं" सुरू होतं. रिहर्सललाच काढलं ते. दुसरी गडबड म्हणजे नट खुर्चीचं वाक्य टाकून थांबतो आणि मोठ्यांकडे बघून डोळा मारतो. अरे, ओढत राहा ना! थांबलास की पोरांना लगेच कळतं आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

राहिला पंचाईतीचा मुद्दा. पोराने विचारलंच की बाबा एवढे का हसले, तर "मोठ्या पदावरच्या माणसाला पद सोडवत नाही, म्हणून" एवढं सांगा, संपलं. जे उत्तर आजीसमोर मोठ्याने देता येणार नाही ते वाक्य मात्र आधीच कापा, तिथे तुमचं बरोबर आहे. सातवी-आठवीतली पोरं खुर्चीचे दोन्ही अर्थ पकडतातच, घरात बातम्या चालू असतात, पकडू द्या की.