वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि या वर्षी आधी तुझं घर

मित्रा, आज तुझा वाढदिवस. वाडीच्या ग्रुपवर सकाळपासून केक, फुलं, हात जोडलेले बाहुले सुरू झालेत. "सर्वांच्या मदतीला धावणारा", "दिलदार", "देवमाणूस". सगळं खरं आहे, पण हे असं कुणाबद्दलही लिहिता येतं. तू नेमकं काय करतोस हे त्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, कारण ते होत असतं तेव्हा आम्ही डोंबिवलीत, विरारला किंवा ठाण्यात असतो. म्हणून या वर्षी जरा सविस्तर लिहितोय. कंटाळा आला तर सोड, पण वहिनींना वाचून दाखव.

आपल्या वाडीत गणपती आणि शिमगा सोडले तर अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप असतं. त्या कुलपांच्या चाव्या तुझ्या पडवीतल्या खुंटीवर. हापूसची शेवटची गाडी गेली की चाव्यांचा जुडगा घेऊन तू एकेक घर उघडतोस. मी एकदा तुझ्यासोबत फिरलो होतो. मला वाटलं, दार उघडायचं, वर बघायचं, कौल फुटलंय का पाहायचं, झालं. तू आत गेलास आणि सगळी दारंखिडक्या लावून घेतलीस. भर दुपारी मिट्ट काळोख. मग वर बघ म्हणालास. छपरात उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसायला लागले. जिथे उजेड येतो तिथे पाणी येणार, इतका साधा हिशेब. पण तू तेवढ्यावर थांबला नाहीस. वाशावर आणि रिपांवर गेल्या पावसाचे काळपट ओघळ शोधत बसलास. पाणी कौलातून आत आलं की लगेच खाली पडत नाही, रिपेवरून, वाशावरून घरंगळत जातं आणि दोनचार हात लांब जाऊन टपकतं. जमिनीवर ओल दिसते त्याच्या बरोबर वरचं कौल बदललं तर पैसेही जातात आणि गळतीही तशीच राहते. ओघळ धरून उताराच्या वरच्या बाजूला सरकत जायचं, मग खरं दुखणं सापडतं. "पाणी खय पडता ता नको बघू, येता खयसून ता बघ," हे तुझं वाक्य मी ऑफिसात चारचौघांना ऐकवून झालोय.

मग वाशांची पाळी. बोटांच्या पेरांनी ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर कोयतीच्या टोकाने दाबून बघायचं. वाळवीने आतून खाल्लेला वासा बाहेरून रंगवल्यासारखा दिसतो आणि टोक सरळ आत जातं. आपल्या आज्यांच्या काळात चुलीचा धूर वर माळ्यातून, कौलांच्या फटींतून बाहेर जायचा, लाकूड काळं व्हायचं पण किडायचं नाही. आता बंद घरात ना धूर ना वारा. त्यात एक कौल सरकलं तर राहत्या घरात कुणीतरी बादली ठेवतं, ओरडतं, दुसऱ्या दिवशी माणूस बोलावतं. कुलूपबंद घरात चार महिने ते पाणी मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीच्या माथ्यात मुरत राहतं. पुढच्या मे महिन्यात माणूस सुट्टीला येतो तेव्हा भिंत कोपऱ्यातून सुटलेली असते. आपल्या वाडीतली जी दोन घरं पडली ती अशीच पडली. वादळाने नाही.

लोकांना वाटतं वांदर कौलं फोडतात. फोडतातच, नारळही पडतात. पण तू दाखवलंस ते वेगळं होतं. फुटलेल्यापेक्षा सरकलेली कौलं जास्त, आणि त्याहून जास्त त्रास पाल्याचा. आंब्याफणसाची पानं कौलांच्या सांध्यात कुजतात, तिथे पाणी अडतं आणि उलटं आत चढतं. कौल धडधाकट, तरी घर गळतं. त्यासाठी कौल काढून, खालचा कचरा झाडून, परत बसवायचं, एवढंच काम. पण ते सकाळी लवकर, कारण दहाच्या पुढे कौलं पायाला चटके देतात. पाय पडायचा तो खाली वासा असेल तिथेच. आणि पहिला पाऊस पडून शेवाळ धरलं की वर चढायचं नाही. हे सगळे नियम पाळून एका घराला दोन माणसांचा दिवस जातो. माणसं मिळत नाहीत, म्हणून दुसरा माणूस बहुतेक वेळा तुझा मुलगा असतो.

एक गोष्ट तर मला भलतीच आवडली. तुझ्या गोठ्याच्या मागे रचलेली जुनी कौलं. मी समजत होतो भंगार. तू एकेक उलटं करून दाखवलंस, पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये असला पहिला कारखाना काढला, मग किनाऱ्यावर इतर अनेकांनी काढले, आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडा थोडा फरक. एका कारखान्याच्या कौलात दुसऱ्याचं बसवलं तर खाच नीट जुळत नाही, फट राहते. नवीन आणलेलं तर बहुधा जुळतच नाही. म्हणून पडलेल्या घरांची कौलं तू मालकांना विचारून उचलतोस, नावाप्रमाणे वेगळी रचतोस आणि ज्या घराला जे लागेल ते देतोस. देण्याआधी बोटाच्या पेराने वाजवतोस. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा. माझ्या माजघरावरची बारातेरा कौलं तुझ्या त्या राशीतली आहेत. त्याचे पैसे तू कधी लावले नाहीस. विचारलं की "ता नंतर बघूया."

आता 2025 च्या मे महिन्याबद्दल बोलतो, कारण ते तू कधीच बोलणार नाहीस.

आपला सगळ्यांचा हिशेब मिरगाचा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे असं धरून तू नेहमीच्या क्रमाने निघालास. आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं, मग आमची कुलूपबंद, शेवटी स्वतःचं. त्या वर्षी 20 मेच्या आसपासच कोकणात पाऊस कोसळायला लागला. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र 24 तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, आणि 25 मेला मान्सून देवगडात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आम्ही इकडे लोकलमध्ये "लवकर आला, बरं झालं" म्हणत होतो.

तेव्हा तू माझ्या काकूच्या घरावर होतास. अर्धं छप्पर उघडं, झाडायला काढलेली कौलं खळ्यात रचलेली. भर पावसात ती वर चढवणं म्हणजे मरणाला बोलावणं, म्हणून तू ताडपत्री टाकलीस. तीसुद्धा नुसती वरून दगड ठेवून नाही. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की चांगली कौलंही उचलली जातात. तू तिची टोकं आतून वाशांना बांधलीस आणि वरची कड छपराच्या माथ्यावरच्या कोन्यांखाली सारलीस, म्हणजे पाणी तिच्यावरून जाईल, खालून शिरणार नाही. काकू त्या रात्री कोरड्या अंथरुणात झोपली. तिने दुसऱ्या दिवशी फोनवर मला हेच सांगितलं, आणि वर तुला चहा नीट दिला नाही म्हणून हळहळली.

तुझं घर त्या रात्री स्वयंपाकघरात गळत होतं. हे मला तुझ्याकडून नाही, महिनाभराने वहिनींकडून कळलं. वहिनींनी पडवीत सोलं वाळत घातली होती, रतांब्याच्या सालांना आगळाचे पुट देऊन झाले होते, दोन कडक उन्हं मिळाली की विकायला तयार. ऊन मिळालंच नाही. सोलांना बुरशी धरली आणि सगळी टाकावी लागली. त्या घरात मे महिन्यातली ती एक हक्काची वहिनींची कमाई. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "थोडा पाणी इला, काय नाय." तुझं "थोडा" आम्ही लहानपणापासून ओळखतो. दहावीत पाय मोडला होता तेव्हाही थोडाच लागला होता.

तर माझं मत असं, आणि ग्रुपवर काहींना ते टोचेल. जो माणूस सगळ्यांचं बघतो त्याला "तू ग्रेट आहेस" म्हणणं आपल्या सोयीचं असतं. तो ग्रेट ठरला की त्याने शेवटी स्वतःकडे बघणं हा त्याचा स्वभाव ठरतो आणि आपल्यावर काही येत नाही. तुझं घर शेवटी येतं ते तुझ्या चांगुलपणामुळे नाही. यादीत उरलेल्या घरांचे मालक इथे नसतात, मजूर कुणी ठरवत नाही, पैसे कुणी आधी पाठवत नाही, म्हणून ते शेवटी येतं. क्रम बदलता येतो. त्याला मोठं मन लागत नाही, एप्रिलमध्ये एक फोन लागतो.

या वर्षी आम्ही पाचसहा जणांनी तो केला. तुझ्या घराचं काम सगळ्यात आधी झालं, तू कितीही कुरकुरलास तरी. रिपा नवीन घातल्या, स्वयंपाकघरावरचे दोन वासे बदलले. बाकीच्या घरांसाठी ज्याने त्याने मजुरी आधीच भरायची आणि ज्याला परवडत नाही त्याने मे महिन्यात स्वतः येऊन खाली कौलं द्यायला उभं राहायचं, असं ठरलं. एकाने विचारलं, सरळ पत्रे का नाही टाकत? खरं सांगायचं तर कायम कुलूप असलेल्या घराला पत्रा वाईट नाही, आणि हे तूच कबूल केलंस, जरा नाइलाजाने. ज्यांना वर्षातून आठ दिवसच यायचं आहे त्यांनी तुझ्या गुडघ्यांचा विचार करून तो निर्णय घ्यावा.

मुलाला या वर्षी छपरावर नेऊ नकोस, त्याची बारावी आहे. आणि गुडघ्याचा एक्सरे काढायचा राहिलाय, मी जुलैत येतोय, कणकवलीला आपण दोघे जाऊ. या वेळी गाडी मी चालवीन.

काकूच्या कोरड्या अंथरुणासाठी, माझ्या माजघरावरच्या जुळणाऱ्या कौलांसाठी, आई गेली त्या रात्री आम्ही पोचेपर्यंत घरात दिवा लावून बसून राहिलास त्यासाठी, धन्यवाद. हे आजवर कधी तोंडावर म्हटलं नाही, कारण तू लगेच विषय बदलतोस. इथे बदलता येणार नाही.

वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. रिपांचे उरलेले पैसे तू काल परत पाठवलेस, ते मी आज पुन्हा पाठवलेत. पुन्हा परत केलेस तर मी पुन्हा पाठवीन, आणि हा खेळ मग गणपतीपर्यंत चालेल.