एक हप्ता, दोन पाटील

पगाराचा मेसेज आला तेव्हा अमळनेरात पारा ४४ वर होता. मेसेज वाचल्यावर माझा त्याच्याही वर गेला. एप्रिलच्या पगारात ३४५० रुपये कमी!

आधी वाटलं, व्यवसाय कर असेल. तो दरमहा २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २५०० होतात. दर फेब्रुवारीला त्या जादा शंभरासाठी कुणीतरी भांडायला जातं आणि तोंड पाडून परत येतं. पण हा मे होता. पगारपत्रक काढलं, तर कपातीच्या रकान्यात 'सोसायटी हप्ता'. मी सोसायटीचा साधा सभासदही नाही. कर्ज तर दूरच, त्यांच्या वार्षिक सभेचा चहासुद्धा मी कधी प्यालो नाही.

अकाउंट्समध्ये नाना बसतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सोसायटीची वसुली यादी पाहिली. "नाव पाटील. तुम्हीबी पाटीलच ना?"

"नाना, आडनाव नको, कोड बघा. माझा ११४७. यादीत ११७४ आहे."

नानांनी दोन्ही आकडे बोटाने पुसून पाहिले. "भाऊ, आठे पाटीलच पाटील शेतस! यादी हातानं चढवतो आम्ही. उलटसुलट व्हतं कधी." वर दिलासाही दिला : हप्ता एकूण पगारातून नंतर वजा होतो, त्यामुळे एकूण पगार तेवढाच दिसतो, फॉर्म १६ ला धक्का नाही. धक्का फक्त खिशाला.

"मग द्या परत."

"पैसे सोसायटीकडे गेले. अर्ज करा, विभागप्रमुखांमार्फत, पगारपत्रक जोडून."

अर्ज केला, आवक क्रमांक घेतला आणि सोसायटीत गेलो. तिथे रक्कम अनामत खात्यात पडून होती, कारण ११४७ नंबरचा सभासदच त्यांना सापडत नव्हता. "तुम्ही सभासद नाहीत, तुम्हाला परत कसे देणार?" सभासद नाही म्हणून कापायला नको होते, आणि सभासद नाही म्हणून परत मिळत नाहीत. भर उन्हात ही गोष्ट फार लवकर समजत नाही.

तीन आठवडे माझा अर्ज नानांच्या पेपरवेटखाली थंड हवा खात पडला होता. मग एका दुपारी नानांचाच फोन. "भाऊ, लगेच या, तुमचं काम करून टाकू."

झालं असं, की खऱ्या कर्जदार पाटलांच्या खात्यावर त्या महिन्याचा हप्ताच जमा झाला नव्हता. सोसायटीने थकबाकीची नोटीस काढली, आणि रिवाजाप्रमाणे तिची एक प्रत जामीनदाराला धाडली.

जामीनदार नाना होते.

पुढच्या पगारात 'इतर देय ३४५०' असं ठळक छापून आलं. मी आभार मानायला गेलो, तर खिडकीशी दुसरे पाटील उभे. त्यांचे या महिन्यात दोन हप्ते एकदम कापले होते, घरात लग्न होतं, आणि ते चांगलेच तापले होते.

नाना चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "अर्ज करा. विभागप्रमुखांमार्फत."